एक फुलपुडी, पाच देव

श्रावणी सोमवारची फुलपुडी नेहमीपेक्षा जड असते. दाराच्या कडीला अडकवलेली पुडी सोडली, की आतून दोन-तीन तांबड्या जास्वंदी निघतात, मूठभर तगर, थोडी पांढरी शेवंती, झेंडू, दूर्वांची एक जुडी, तुळशीच्या चार डहाळ्या आणि सोमवार म्हणून खास बेल. समोर देव्हाऱ्यात गणपती, बाळकृष्ण, पिंडी आणि अन्नपूर्णा. पाचवा सूर्य, त्याला बहुतेक घरांत खिडकीत उभं राहून अर्घ्य देतात. ज्यांच्याकडे पिढीजात पंचायतन आहे, त्यांच्या संपुष्टात हेच पाच देव दगडांच्या रूपात असतात: शोण नदीतला तांबूस गणेश, गंडकीतला शाळिग्राम, नर्मदेतला बाण, देवीची सोनमुखी आणि सूर्याचा स्फटिक.

देव पाच आणि पुडी एक. माझ्या आजेसासूबाई पूजेला बसण्याआधी ही पुडी मेथीच्या जुडीसारखी निवडायच्या. एका ताटात पाच ढीग करायचे आणि मगच घंटेला हात लावायचा. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी गणपतीच्या डोक्यावर तुळशीचं पान ठेवलं होतं. त्यांनी ते उचलून बाळकृष्णाच्या पायाशी ठेवलं आणि म्हणाल्या, “तुळस ह्याची गं. गणपतीला भाद्रपदात वाहू.” त्या वाक्याचा उत्तरार्ध मला तेव्हा कळला नव्हता. नित्यपूजेतल्या बहुतेक निषेधांना असा एक उत्तरार्ध असतो, हे पुढे वर्षानुवर्षं पूजा करताना लक्षात आलं.

जुन्या पूजापाठात एक छोटा संस्कृत श्लोक अनेकांना पाठ असतो. त्याचा अर्थ एवढाच, की विष्णूला अक्षता वाहू नयेत, गणपतीला तुळस वाहू नये, देवीला दूर्वा वाहू नयेत आणि सूर्याला बेल वाहू नये. त्याला जोडून शंकराला केवडा वाहू नये, हेही सांगितलं जातं. पाच देव, प्रत्येकाला एक नकार. गंमत अशी, की नाकारलेली प्रत्येक वस्तू स्वतः पवित्रच आहे. तुळस, दूर्वा, बेल ह्यांत अशुद्ध काहीच नाही. ती वस्तू कोणाची, एवढाच प्रश्न आहे.

गणपतीपासून सुरुवात करते, कारण पूजेची सुरुवातही तिथूनच. ब्रह्मवैवर्त पुराणात अशी कथा आहे, की गंगेच्या काठी ध्यानस्थ बसलेल्या गणेशाला तुळशीने लग्नाची मागणी घातली. त्याने नकार दिला. तिने रागाने ‘तुझं लग्न होईलच’ असा शाप दिला आणि त्याने उलटून ‘तुला असुर नवरा मिळेल, मग तू झाड होशील’ असा शाप दिला. पुढे तिची करुणा येऊन, तू विष्णूला अत्यंत प्रिय होशील, पण माझ्या पूजेत नसशील, असंही सांगितलं. ही कथा इथे थांबत नाही. तुळशीला मिळालेला असुर नवरा म्हणजे शंखचूड. त्याला शंकराने मारलं आणि त्याच्या अस्थींपासून शंख झाले असं मानतात. म्हणून विष्णूला शंखातल्या पाण्याने स्नान घालतात, पण पिंडीवर शंखाने पाणी घालत नाहीत. नित्यपूजेत शंकराला तुळस वाहत नाहीत, तेही ह्याच नात्यामुळे. एक कथा नीट लक्षात ठेवली, की गणपतीला तुळस का नाही, विष्णूला तीच का हवी आणि पिंडीवर शंख का चालत नाही, ह्या तिन्ही गोष्टी वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

आता तो उत्तरार्ध. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला पार्थिव गणपतीला एकवीस पत्री वाहतात. माका, बेल, धोत्रा, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, डाळिंब, मरवा, जाई, केवडा अशी ती यादी आहे, आणि तीत तुळसही आहे. वर्षातून त्या एका दिवशी तुळस गणपतीच्या अंगावर जाते. आजेसासूबाई म्हणत होत्या ते हेच.

गणपतीची स्वतःची वस्तू दूर्वा. अनलासुर नावाच्या आगीसारख्या दैत्याला त्याने गिळलं, अंगाचा दाह होऊ लागला, चंदन, चंद्र, बर्फ कशानेच तो शमेना, शेवटी ऋषींनी एकवीस-एकवीस दूर्वा डोक्यावर ठेवल्या तेव्हा थंडावा मिळाला, ही गणेशपुराणातली कथा बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. पण दूर्वा ओळखायची कशी, हे फार कमी जणांना दाखवलेलं असतं. दूर्वा म्हणजे हरळी. ती जमिनीवर सरपटते, पेरापेरांना मुळं फुटतात, पान अरुंद असतं. वाहायची ती शेंड्याकडची कोवळी काडी, तिला तीन किंवा पाच पाती असावीत, तुरा आलेली नसावी. बाजारातल्या जुड्यांत कधी कधी दुसरंच रुंद पात्याचं गवत भरलेलं असतं. जुडी सोडून एक काडी हातात घेतली, की फरक कळतो: हरळीच्या काडीला गाठी लागतात आणि शेंड्याची पाती पंख्यासारखी उघडलेली असतात, दुसऱ्या गवताची नुसती लांब पाती हातात येते. एकवीस जमल्या नाहीत तर अकरा, सात, तीन, निदान एक. संख्या विषम ठेवतात. जास्वंद तांबडी आणि पूर्ण उमललेली घ्यावी. देवाला कळ्या वाहत नाहीत. चाफा आणि कमळ हे दोन अपवाद परंपरेने सांगितले आहेत.

पिंडीपाशी थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

बेल शंकराचा हे सगळ्यांना माहीत असतं, पण तो वाहायचा कसा? फुलांचा आणि पानांचा साधा नियम असा, की ती झाडावर जशी उमलतात तशीच देवाला वाहावीत, म्हणजे फुलाचं तोंड वर. बेल तेवढा ह्याला अपवाद. तो पालथा वाहतात, गुळगुळीत बाजू पिंडीला टेकवून. देठ पिंडीकडे आणि पानांची टोकं आपल्याकडे, अशी आमच्याकडची रीत. पान तीन दलांचं आणि अखंड हवं. अळीने पोखरलेलं, पांढऱ्या नागमोडी रेघा पडलेलं पान बाजूला काढतात. देठाच्या टोकाशी एक जाडसर गाठ असते, तिला वज्र म्हणतात. ती नखाने खुडून टाकतात.

बेल केव्हा तोडायचा ह्याचेही दिवस आहेत. चतुर्थी, अष्टमी, नवमी, चतुर्दशी, अमावास्या, संक्रांत आणि सोमवार ह्या दिवशी बेल तोडू नये असं सांगतात. म्हणजे ज्या दिवशी मागणी सर्वांत जास्त, त्याच दिवशी झाडाला हात लावायचा नाही. महाशिवरात्र तर चतुर्दशीलाच येते. त्यामुळे सोमवारचा बेल रविवारीच काढून ठेवायचा. हा नियम पाळता येतो, कारण बेल शिळा होत नाही असं शास्त्र मानतं. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला तर काही दिवस हिरवा राहतो, आणि बेल मिळालाच नाही तर आदल्या दिवशी वाहिलेला धुऊन पुन्हा वाहिला तरी चालतो. तुळशीचंही तसंच. द्वादशीला आणि रविवारी तुळस तोडत नाहीत, सूर्यास्तानंतरही नाही. लागली तर आदल्या दिवशीची वापरतात. कुंडीतलं एकच रोप ज्यांच्याकडे आहे, त्यांना ह्या सुट्ट्यांचं मोल कळतं. रोज डहाळी खुडली तर ते रोप महिन्याभरात काटकी होऊन जातं.

शंकराला वर्ज्य म्हणून केवडा प्रसिद्ध आहे. ब्रह्मा आणि विष्णू ज्योतिस्तंभाचं टोक शोधायला निघाले, ब्रह्म्याने टोक पाहिल्याची थाप मारली आणि केतकीने खोटी साक्ष दिली, म्हणून शंकराने तिला आपल्या पूजेतून काढलं, असं शिवपुराणात आहे. केवडा तसाही रोजच्या पुडीत येत नाही, तो दिसतो गणेशोत्सवाच्या बाजारात, कारण गणपतीच्या पत्रीत तो आहे. तेव्हा तिथे घरातल्या घरात चूक होण्याची शक्यता कमी.

चाफ्याची गोष्ट वेगळी. शंकराला चाफा वाहू नये असं सांगतात, पण गावोगावच्या महादेवाच्या देवळासमोर चाफ्याचं झाड असतं आणि पिंडीवर त्याची पांढरी-पिवळी फुलं पडलेली असतात. हे कसं? जुन्या ग्रंथांतला चंपक म्हणजे सोनचाफा, केशरी-पिवळ्या लांब पाकळ्यांचा, घमघमणारा. देवळासमोरचा, जाड फांद्यांचा, तोडला की चीक येणारा, पाच पाकळ्यांचा खुरचाफा किंवा देवचाफा हे अगदी दुसरं झाड आहे. तो मूळचा अमेरिका खंडातला आणि समुद्रमार्गाने आपल्याकडे आला. ग्रंथ लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तो नव्हता. नाव एक झालं म्हणून एकाचा निषेध दुसऱ्याच्या माथी मारण्याचं कारण नाही. सोनचाफा देवीला आणि विष्णूला वाहावा, खुरचाफा पिंडीवर खुशाल राहू द्यावा.

हाच विचार झेंडूला लावून पाहा. आपल्या दसऱ्याचा, तोरणाचा, खंडोबाचा झेंडू हा मूळचा मेक्सिकोकडचा; निशिगंधही तिकडचाच. पुराणांच्या पुष्पयादीत झेंडू कोणाला प्रिय आणि कोणाला वर्ज्य हे शोधायला गेलं तर सापडणार नाही. त्याचं स्थान लोकांनी ठरवलं. रंग पिवळा-केशरी म्हणून तो देवीला, विष्णूला, गणपतीला गेला, आणि पिंडीवर आपण सहसा पांढरी फुलं पसंत करतो म्हणून तिथे तो कमी दिसतो. बाहेरून आलेल्या फुलाला अशी जागा देणं मला परंपरेचाच भाग वाटतो. त्यामुळे एखाद्या नव्या फुलाविषयी कोणी ‘हे शास्त्रात निषिद्ध आहे’ असं ठासून सांगितलं, तर ते फूल तेव्हा इथे होतं का, हे आधी विचारावं.

पिंडीला हळद-कुंकू वाहत नाहीत. भस्म, पांढरं गंध आणि पांढऱ्या अक्षता वाहतात. आणि इथेही उत्तरार्ध आहे: शंकराचाच अवतार मानलेल्या खंडोबाच्या जेजुरीत पायरीन् पायरी हळदीच्या भंडाऱ्याने पिवळी झालेली असते. धोत्रा आणि रुई शंकराला चालतात, विष्णूला नाही. तगर, पांढरी कण्हेर, जाई ही रोजची सोयीची फुलं.

बाळकृष्ण किंवा शाळिग्राम ह्यांच्यापाशी प्रश्न फुलांचा नसून तांदळाचा आहे. पूजेत एखादा उपचार नसला, म्हणजे वस्त्र नाही, अलंकार नाही, तर त्याऐवजी अक्षता वाहायच्या ही सर्वत्र मान्य असलेली सोय. विष्णूला अक्षता वाहत नाहीत, मग त्याच्या पूजेत ती जागा तुळशीचं पान घेतं. गंध लावलं, पान. वस्त्र नाही, पान. नैवेद्यावर पुन्हा पान. मंजिरी असलेली, दोन पानांची जोडी मिळाली तर उत्तम. बाकीच्या देवांसाठी अक्षता घेताना एवढं पाहावं, की दाणा अखंड असावा. अक्षत शब्दाचा अर्थच न मोडलेलं असा आहे. तांदळाच्या कण्या भिजवून कुंकू लावलं म्हणून त्या अक्षता होत नाहीत. विष्णूच्या फुलांत प्राजक्ताचा एक खास मान आहे. जमिनीवर पडलेलं फूल देवाला वाहू नये हा नियम, पण प्राजक्त आणि बकुळ ही फुलं पडलेलीच वेचतात. झाडाखाली रात्री स्वच्छ फडकं अंथरून ठेवलं तर सकाळी माती लागत नाही.

कार्तिक शुद्ध चतुर्दशीला, वैकुंठ चतुर्दशीच्या रात्री, हरिहरांची भेट होते आणि त्या रात्री विष्णूला बेल, शंकराला तुळस वाहतात. वर्षभर काटेकोरपणे वेगळ्या ठेवलेल्या दोन ढिगांची अदलाबदल होते. मला ही पूजा वर्षातली सर्वांत सुंदर पूजा वाटते, आणि रोजचं वेगळेपण नीट पाळलं असेल तरच ती अदलाबदल मनाला भिडते.

देवीचं त्या मानाने सोपं. हळद, कुंकू, तांबडी-पिवळी सुवासिक फुलं, शेवंती, कमळ, सोनचाफा. वर्ज्य दूर्वा आणि रुई. पण श्रावणातल्या शुक्रवारी लेकुरवाळ्या जिवतीच्या चित्राला आघाडा आणि दूर्वांचीच माळ घालतात, तेव्हा कोणा आजीला ‘देवीला दूर्वा चालत नाहीत’ असं सांगायला जाऊ नये. व्रताची स्वतःची पत्री असते, आणि त्या दिवशी तिचा शब्द नित्यनियमाच्या वर. सूर्याला तांबडं फूल, तांबडं गंध, अक्षता घातलेलं तांब्याच्या भांड्यातलं पाणी; बेल नाही. एवढं पुरे.

तर ती सोमवारची पुडी. ताटात पहिल्यांदा बेल वेगळा काढला, पिंडीचा ढीग. दूर्वांची जुडी सोडून एकवीस निवडल्या, त्यांच्यासोबत एक जास्वंद, गणपतीचा ढीग. तुळशीच्या डहाळ्या आणि दोन पिवळ्या झेंडूंचा बाळकृष्णाचा. दुसरी जास्वंद, शेवंती आणि उरलेला झेंडू अन्नपूर्णेला. तिसरी जास्वंद सूर्याच्या अर्घ्याच्या पाण्यात. तगर पिंडीवर आणि उरली ती सगळ्यांवर, कारण पांढरं सुवासिक फूल ह्या घरच्या देवांत कुणाला वर्ज्य नाही. देठं मोडून झाली, वज्र खुडून झालं. ह्याला पाच मिनिटं लागतात, पण पूजा सुरू झाल्यावर हात अडखळत नाही. एखाद्या दिवशी बेल किंवा दूर्वा नसल्या, तर गणपतीला, शंकराला, देवीला अक्षता आणि विष्णूला तुळस एवढ्यावर पूजा पूर्ण होते.

नैवेद्यालाही हेच पान ओळख देतं. रोजचा नैवेद्य दूध-साखर किंवा गूळ-खोबरं. शिजवलेल्या अन्नाचं ताट असेल तर त्यात कांदा-लसूण नसतो आणि वेगळं मीठ वाढत नाहीत. खाली पाण्याने चौकोन काढतात. विष्णूच्या ताटावर तुळस ठेवतात, गणपतीच्या ताटावर दूर्वा आणि शंकराच्या ताटावर बेल. पिंडीवर वाहिलेलं अन्न खाऊ नये असा एक जुना संकेत आहे, म्हणून शंकराचा नैवेद्य पिंडीला न लावता समोर ठेवतात. नर्मदेतल्या बाणाला आणि शाळिग्रामासोबत पुजलेल्या पिंडीला हा संकेत लागू नाही असंही सांगतात, त्यामुळे पंचायतन असलेल्या घरांत ती शंका राहत नाही.

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ करताना एक सांभाळावं. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, म्हणून माळ ओवून झाली की हात साबणाने धुवावेत आणि मुलांना ते काम एकट्याने देऊ नये. धोत्र्याचं फळ, पांढरी-तांबडी कण्हेर आणि पिवळी बिट्टी ही सगळी विषारी आहेत. देवाला ती चालतात, पण प्रसादाच्या वाटीत त्यांची पाकळी पडता कामा नये.

आणि दुसऱ्या दिवशीचं निर्माल्य. अनेक घरांत ते पुण्य म्हणून गाईपुढे टाकतात. दूर्वा, शेवंती, जास्वंद गाय आनंदाने खाईल, पण कण्हेरीची थोडीशी पानंदेखील जनावराच्या जिवावर बेततात. म्हणून आमच्याकडे निर्माल्याचेही दोन ढीग होतात. कण्हेर, बिट्टी, रुई, धोत्रा एका कुंडीत मातीखाली पुरतात. बाकीचं तुळशीच्या बुंध्याशी खत म्हणून पसरतात. बेलाची चांगली पानं धुऊन ओल्या फडक्यात ठेवलेली असतात, उद्यासाठी.